खुर्ची पडद्यापासून किती फुटांवर आहे? थेटर की घर, हे मी असं ठरवतो

एकाने विचारलंय: "इंदूरला राहतो. घरी ५५ इंची फोरके टीव्ही आहे, सोफा त्याच्यापासून दहा फुटांवर. शनिवारी संध्याकाळी आम्ही चौघं (मी, बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि चौऱ्याहत्तर वर्षांचे बाबा) नवा पिक्चर बघायला गेलो तर तिकिटं १२००, ऑनलाइन बुकिंगचा आकार दीडशे, खाणं साडेसहाशे, पार्किंग ४०, म्हणजे दोन हजारांच्या वर जातात. तोच पिक्चर दोन महिन्यांत घरी येतो. आता एक मोठा युद्धपट, एक मराठी कौटुंबिक आणि एक रहस्यपट असे तीन लागणार आहेत. थेटरात कोणता बघावा, कोणासाठी थांबावं? आणि हे ठरवायचं कसं?"

मी इंदूर, देवास, उज्जैन या पट्ट्यात टॉकीज आणि मल्टिप्लेक्सचे प्रोजेक्टर आणि साउंड बसवण्याचं, दुरुस्तीचं काम करतो. सुरुवात पस्तीस मिलिमीटरच्या रिळांवर झाली. दर वीस मिनिटांनी रीळ बदलायचं आणि केबिनच्या काचेतून पडद्यावर नजर ठेवायची, हे तेव्हाचं काम. आता रीळ नाही, पण पडद्यावर किती उजेड पडतो आणि कुठल्या खुर्चीत काय ऐकू येतं, हे मोजणं अजूनही माझंच काम आहे. म्हणून मी उत्तराची सुरुवात पिक्चरपासून न करता खुर्चीपासून करतो.

पडदा किती मोठा, यापेक्षा तो तुमच्या नजरेचा किती भाग व्यापतो याला महत्त्व असतं. चाळीस फुटांचा पडदा फार लांबून बघितला तर तो टीव्हीएवढाच दिसतो. आमच्या धंद्यात हे अंशांत मोजतात. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही चित्र निदान ३० अंश रुंद दिसावं, आणि चांगल्या खुर्चीतून ३६ ते ४० अंश दिसावं, असं धरून हॉल आखतात. अंशांच्या फंदात पडायचं नसेल तर एक सोपा हिशेब लक्षात ठेवा: पडद्याच्या रुंदीच्या सव्वा ते दीडपट अंतरावर बसलात, की त्या पडद्याने जे द्यायचं ते तुम्हाला मिळतं. अंतर दुपटीच्या पुढे गेलं की चित्र समोर लटकवलेल्या तसबिरीसारखं वाटू लागतं, आपण त्याच्या आत नसतो.

हा हिशेब आधी घरी लावू. ५५ इंच हे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं माप आहे. तुमच्या टीव्हीची रुंदी जेमतेम चार फूट भरेल. म्हणजे त्याची खरी जागा पाच ते सहा फुटांवर. तुम्ही बसता दहा फुटांवर, म्हणजे अडीचपट. तिथून तो साधारण २३ अंश दिसतो. खात्री करायची असेल तर सोफ्यावर बसून हात सरळ लांब करा आणि वीत ताणा. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत साधारण २० अंश असतात, म्हणजे तुमचा टीव्ही एका वितीच्या थोडा बाहेर डोकावेल. चांगल्या खुर्चीतून थेटरचा पडदा जवळजवळ दोन विती भरतो. प्रत्येकाच्या हाताची लांबी वेगळी असली तरी वीतही त्याच प्रमाणात असते, त्यामुळे ही खूण मुलीलाही चालेल आणि बाबांनाही.

यावरून लक्षात येईल की घरी पिक्चर बघायच्या रात्री चार खुर्च्या उचलून टीव्हीपुढे सहा फुटांवर मांडल्या, तर त्याच टीव्हीचं चित्र ३७ अंशांवर जातं. थेटरातल्या चांगल्या खुर्चीचा आकडा फुकटात मिळतो. पिक्सेलची काळजी नको. देशातले बरेच पडदे आजही टूके आहेत, आणि रुंद पिक्चर, ज्याला आम्ही स्कोप म्हणतो, तो त्यांच्यावर २०४८ बाय ८५८ एवढ्याच ठिपक्यांत उमटतो. तुमचा फोरके टीव्ही आकड्यांत त्याच्या बराच पुढे आहे, सहा फुटांवरून ठिपके दिसणार नाहीत. म्हणून 'थेटरात चित्र जास्त स्वच्छ असतं' हे कारण मी कधी देत नाही. जायची कारणं दुसरी आहेत, त्यांच्याकडे येतोच.

आता हाच हिशेब थेटरला लावू. तिकीट काढताना जो खुर्च्यांचा नकाशा दिसतो त्यावरून हॉलचा अंदाज घरबसल्या येतो. सगळ्यांत रुंद रांगेतल्या खुर्च्या मोजा, एका खुर्चीला दोन फूट धरा, दोन्ही बाजूंच्या वाटांचे चार-चार फूट मिळवा. सोळा खुर्च्यांची रांग असेल तर हॉल चाळीस फुटांचा, आणि पडदा भिंतीपासून थोडा आत धरला तर पस्तीसेक फुटांचा. मग रांगा मोजा. साध्या खुर्च्यांच्या दोन रांगांत साधारण चार फूट अंतर असतं, आणि पडद्यापासून पहिली रांग बाराएक फुटांवर. या हिशेबाने नववी रांग ४४ फुटांवर येते आणि अकरावी ५२ फुटांवर. पस्तीसची सव्वापट ४४ आणि दीडपट ५२. म्हणजे अशा हॉलमध्ये नवव्या ते अकराव्या रांगेत, मधल्या आठ खुर्च्यांत बसायचं. अंदाज एखाद्या रांगेने चुकेल, त्याने बिघडत नाही. रांगा मात्र पडद्याकडून मोजा, अक्षरावर जाऊ नका. काही ठिकाणी ए रांग पुढे असते, काही ठिकाणी मागे.

या मापाने एक गोष्ट उघडी पडते आणि ती मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो. बऱ्याच हॉलमध्ये सगळ्यांत महाग खुर्ची म्हणजे शेवटच्या रांगेतली आडवी होणारी. तिच्या रांगेला सहा फूट जागा लागते, म्हणून ती आणखी मागे सरकते. अशा रांगांचा छोटा हॉल असेल, पडदा २५ फुटांचा आणि शेवटची रांग पन्नास फुटांवर, तर अंतर सरळ दुप्पट झालं. तुमचा चार फुटांचा टीव्ही आठ फुटांवरून बघितल्यासारखं ते चित्र आहे. माणशी पाचशे रुपये मोजून तुम्ही आराम विकत घेता, चित्र नाही. गुडघे दुखत असतील तर तो आराम मोलाचाच आहे, बाबांच्या बाबतीत मीही तोच विचार करीन. पण 'मोठ्या पडद्यावर बघायचं' म्हणून जात असाल, तर दोन रांगा पुढचं स्वस्त तिकीट काढा.

उजेडाचं मात्र नकाशावरून कळत नाही, आणि थेटरं इथेच सगळ्यांत जास्त मार खातात. पडद्याच्या मध्यावर १४ फूट-लॅम्बर्ट उजेड असावा, असं प्रमाण आहे. ज्यांना टीव्हीची भाषा कळते त्यांच्यासाठी, ते ४८ निट्स होतात. प्रोजेक्टरमधला झेनॉनचा दिवा नवा असतो तेव्हा हे सहज मिळतं. पण तो दिवा वापराने मंदावत जातो. रोज पाच खेळ म्हणजे पंधरा तास धरले, तर दोन महिन्यांच्या थोडं पुढे त्याचे हजार तास भरतात. मोठ्या वॅटच्या दिव्याला तेवढ्यात बदलायची वेळ येते. दिवा महाग असतो, म्हणून कुठे कुठे तो आणखी ओढतात. उतार इतका हळू असतो की रोज बघणाऱ्या तिथल्या माणसाला तो जाणवत नाही. लेझर प्रोजेक्टरचा उजेडही उतरतो, पण हजारो तासांत, म्हणून 'या हॉलला लेझर आहे का' हे एकदा खिडकीवर विचारून ठेवावं.

दिवा चांगला असूनही चित्र काळवंडायचं आणखी एक कारण आहे. मागच्या हिवाळ्यात मी पत्नीबरोबर एका मल्टिप्लेक्समध्ये बसलो होतो. पिक्चर साधा, टूडी. रात्रीचा प्रसंग आला आणि नायकाच्या काळ्या कोटाला ना घडी दिसे ना गुंडी, सगळा एकच काळा गोळा. दिवसाचे प्रसंगही संध्याकाळी पाच वाजता घेतल्यासारखे. मी मागे वळून केबिनच्या झरोक्याकडे बघितलं आणि समजलो. आधीच्या आठवड्यात तिथे थ्रीडी पिक्चर होता आणि त्याची काच लेन्सपुढेच राहिली होती. ती काच अर्ध्याहून जास्त उजेड खाते. बाहेर जाऊन ड्यूटी मॅनेजरला सांगितलं, त्याने तंत्रज्ञाला बोलावलं, मध्यंतरात काच निघाली. उत्तरार्ध सुरू झाला तेव्हा शेजारच्या बाईंनी नवऱ्याला विचारलं, "आता कसं स्वच्छ दिसायला लागलं?" अख्ख्या हॉलमध्ये पूर्वार्धात कोणीच उठलं नव्हतं. सगळ्यांनी धरून चाललं होतं की पिक्चरच तसा असेल.

पूर्वी केबिनमध्ये ऑपरेटर असायचा, त्याला हे पहिल्या मिनिटाला दिसलं असतं. आता सगळे खेळ संगणकाच्या वेळापत्रकावर आपोआप सुरू होतात. दिवा लागतो, आवाज येतो, दार बंद होतं, केबिनमध्ये कोणी नसतं. त्यामुळे प्रेक्षकाने सांगितलं नाही तर बिघाड दिवसभर तसाच चालतो. ओळखायचं असं: जाहिराती चालू असताना पांढरी पाटी येते तेव्हा बघा. पांढरा रंग पिवळट-राखी वाटतोय का? मधला भाग उजळ आणि कडा काळपट आहेत का? पिक्चरमधल्या पहिल्या रात्रीच्या प्रसंगात केसांचा आणि मागच्या भिंतीचा काळेपणा वेगळा दिसतोय का? नसेल तर पहिल्या दहा मिनिटांत बाहेर जा आणि हॉलचा नंबर सांगून "उजेड कमी आहे" एवढंच बोला. मध्यंतरापर्यंत थांबलात तर पैसे परत मागायची जागा राहत नाही. आणि तो हॉल नंबर मोबाइलमध्ये टिपून ठेवा. मल्टिप्लेक्स चांगलं की वाईट, असं सरसकट नसतं. एकाच इमारतीत दोन नंबरचा हॉल उत्तम आणि पाच नंबरचा मेलेला, हे मी दर महिन्याला बघतो.

उजेडाच्या बाबतीत घर कित्येकदा थेटरच्या पुढे असतं, हेही सांगायला हवं. टीव्ही ४८ निट्सच्या कितीतरी पट उजळू शकतो. घरचा शत्रू ट्यूबलाइट. ती बंद करा, खिडकीचा पडदा ओढा. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये Filmmaker Mode असेल तर तो लावा, नसेल तर Movie किंवा Cinema. याने दोन कामं होतात: रंगांचा भडकपणा उतरतो, आणि हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी ती सोय बंद होते, जिच्यामुळे दोनशे कोटींचा पिक्चरही दुपारच्या मालिकेसारखा दिसतो. ती वेगळी बंद करावी लागली तर Motion नावाखाली शोधा.

आता आवाज. माझ्या मते थेटरला पैसे देण्याचं खरं कारण हे आहे. टीव्हीच्या पोटातले स्पीकर खालच्या बाजूला तोंड करून असतात आणि त्यांना खर्जातलं जवळजवळ काहीच काढता येत नाही. थेटरातला सबवूफर तीसेक हर्ट्झपर्यंत उतरतो. तो आवाज कानांपेक्षा छातीला आणि खुर्चीच्या पाठीला कळतो. पण मला त्याहून मोठा वाटतो तो शांततेचा फरक. चांगल्या हॉलमध्ये कुजबूज ऐकू येते आणि पुढच्याच क्षणी तोफ सुटते. घरी दोन्ही मिळत नाहीत. कुजबूज ऐकू यावी म्हणून आवाज वाढवला की तोफेला शेजारी दार वाजवतात, मग तुम्ही रिमोट हातात धरूनच पिक्चर बघता.

मात्र यालाही अटी आहेत. डॉल्बीच्या प्रोसेसरवर ७ हा आकडा म्हणजे मिक्सिंग करताना स्टुडिओत ठेवलेली पातळी. जाहिराती आणि ट्रेलर कर्कश असतात, लोक तक्रार करतात, मॅनेजर आवाजाचा तो आकडा ५ वर आणतो आणि पिक्चर सुरू झाल्यावरही तो तिथेच राहतो. मग संवाद दबतात. संवाद बुडत असतील तर हेही बाहेर जाऊन सांगायचं. दुसरी गोष्ट बसायच्या जागेची. आवाज जुळवताना आम्ही माइक हॉलच्या साधारण दोन तृतीयांश खोलीवर, मध्यभागी लावतो. शेवटच्या रांगेला मागची भिंत चिकटलेली असते, तिथे खर्ज फुगतो आणि मागचे स्पीकर डोक्यावर बोलतात. पडद्याच्या सव्वा-दीडपट अंतराची जागा आणि आवाजाची चांगली जागा बहुतेक हॉलमध्ये एकच निघते.

घरी संवाद ऐकू न येण्याचं एक साधं कारण ॲपच्या सेटिंगमध्ये असतं. आवाज ५.१ वर ठेवलेला असेल आणि टीव्हीला दोनच स्पीकर असतील, तर मधल्या चॅनेलमधले संवाद कित्येक टीव्हींवर मागे पडतात. पिक्चर सुरू असताना ऑडिओच्या यादीत जाऊन साधा स्टिरिओ निवडून बघा. बाबांना कमी ऐकू येत असेल तर घरचा मोठा फायदा सबटायटलचा आहे. माझ्या वडिलांनी शेवटची चार-पाच वर्षं मराठी पिक्चरसुद्धा खाली अक्षरं लावून बघितले आणि प्रत्येक विनोदावर वेळेवर हसले. थेटरात ते माझ्याकडे बघून हसायचे, आधी मी हसतोय का ते बघून.

गर्दीबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण ते तुमच्या स्वभावावर आहे. हसवणारा आणि घाबरवणारा पिक्चर भरलेल्या हॉलमध्येच खुलतो. चारशे माणसं एकदम श्वास रोखतात ते घरी मिळणार नाही. हळू चालणाऱ्या, संवादांवर उभ्या पिक्चरला शनिवारची संध्याकाळ मारक असते. मोबाइलचे उजेड, लहान मुलं, दार उघडझाक. तो पिक्चर सोमवार ते गुरुवार किंवा रविवारी सकाळच्या पहिल्या खेळाला बघावा.

थांबायचं म्हटलं तर किती थांबायचं, याचं गणित भाषेप्रमाणे वेगळं आहे. मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्या हिंदी पिक्चर थेटर आणि ओटीटी यांत आठ आठवड्यांचं अंतर असल्याशिवाय सहसा लावत नाहीत. तुमचे दोन महिने तिथून आले. दक्षिणेकडचे पिक्चर बरेचदा चार आठवड्यांतच घरी येतात. मराठीचं असं ठरलेलं काही नसतं. एखादा दीड महिन्यात येतो, एखादा आधी टीव्हीवर लागतो, एखाद्याचे हक्क विकलेच जात नाहीत आणि तो वर्षभर कुठेच सापडत नाही. त्यातून आपण इंदूरचे. इथे मराठी पिक्चरला एखाद-दोन ठिकाणी, दिवसाला एक-दोन खेळ मिळतात, तेही अडनिड्या वेळी. शुक्रवारपासून रविवारपर्यंत खुर्च्या किती भरल्या हे बघून पुढच्या आठवड्याचे खेळ ठरतात. रविवार रिकामा गेला की पुढच्या शुक्रवारी तो पिक्चर इंदुरातून गेलेला असतो. इथल्या सानंद संस्थेच्या नाटकांना आपली मंडळी वेळेवर हजर असतात, आणि पिक्चरला मात्र 'बघू पुढच्या आठवड्यात' म्हणतात. तो पुढचा आठवडा येत नाही.

पैशांचं म्हणाल तर तुमच्या २०४० रुपयांत चित्र-आवाजाचे १२०० आहेत, बाकीचे ८४० इतर. बुकिंगचे दीडशे खिडकीवर तिकीट काढून वाचतात. युद्धपटाच्या पहिल्या शनिवारी ते जमणार नाही, रविवारी सकाळी नक्की जमेल. पिण्याचं पाणी फुकट देणं थेटरला बंधनकारक आहे, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये ते स्पष्ट केलं. बाहेरचं खाणं अडवायचा हक्क मात्र कोर्टाने थेटरवाल्यांकडेच ठेवला, तेव्हा डबा नेऊन दारात वाद घालू नका. सकाळच्या खेळाचे दर पुष्कळ ठिकाणी निम्म्यावर असतात. मूळ दर शंभरच्या आत असेल तर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीही ५ टक्केच आहे, शंभरच्या वर १८. खाण्याचे साडेसहाशे मी स्वतः सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात नेतो. नऊचा खेळ सुटला की सराफा जागाच असतो, आणि चौघांचं पोट भरून वर पैसे उरतात.

आता तुमचे तिन्ही पिक्चर एकेक करून घेऊ.

युद्धपट थेटरातच बघा. यात तोफा, विमानं, खर्ज, रुंद स्कोप चौकट, म्हणजे घर जिथे जिथे कमी पडतं ते सगळं आहे. स्कोप पिक्चर टीव्हीवर वर-खाली काळ्या पट्ट्या टाकून येतो. तुमच्या टीव्हीची उंची २७ इंच आहे, त्यातले वीसच वापरात येतील. थेटरच्या रुंद पडद्यावर तोच काठोकाठ भरतो. पहिला शनिवार सोडा. मोठा पिक्चर दुसऱ्या आठवड्यातही त्याच मोठ्या हॉलमध्ये असतो आणि मंगळवार-बुधवारचे दर उतरलेले असतात. त्यानंतर उशीर करू नका, तिसऱ्या आठवड्यात त्याला लहान हॉलमध्ये हलवतात आणि मग त्याच पैशांत पडदा दहा फुटांनी कमी होतो. मुलीला न्यायचं तर पिक्चरचं प्रमाणपत्र बघून घ्या. यूए १३+ किंवा १६+ असेल तर न्यायचं की नाही हा निर्णय तुमचा असतो, ए असेल तर तिला आत सोडणार नाहीत. आणि तिला मोठा आवाज सोसत नसेल तर कापसाचे बोळे खिशात असू द्या. बाबांना या पिक्चरला नेण्याचा आग्रह मी धरणार नाही. तिघंच गेलात तर तिकिटांचे आठवड्यातल्या दराने सहाशेच्या आसपास जातील.

रहस्यपटासाठी थांबा. असे पिक्चर बहुतेक अंधारात घडतात, आणि मंद दिव्याच्या हॉलमध्ये त्यांचं सगळ्यांत जास्त नुकसान होतं. घरी खोली अंधारी करून, खुर्च्या सहा फुटांवर आणून बघितलात तर काही गमावणार नाही. फक्त तुमच्या ओटीटीचा प्लॅन तपासा. स्वस्त प्लॅनवर चित्र ७२० ओळींपुरतंच येतं, फोरके टीव्हीला त्याचा उपयोग नाही. इंटरनेटही निदान पंधरा एमबीपीएस सलग मिळायला हवं. थेटरच्या फाइलला सेकंदाला २५० मेगाबिटपर्यंत मुभा असते, घरी तेच चित्र वीसच्या आत दाबून पाठवलेलं असतं. त्याचा परिणाम धुकं, धूर आणि अंधाऱ्या भिंतींवर दिसतो, जिथे उजेड सलग उतरण्याऐवजी पट्टे पडतात. पट्टे दिसले तर वायफाय सोडून राउटरपासून टीव्हीपर्यंत केबल टाकून बघा. पट्टे तरी राहिले तर ते पाठवलेल्या चित्रातच आहेत, तिथे तुमचा इलाज नाही. रहस्य आधीच कोणी फोडेल ही भीती असेल तर मात्र हिशेब बदलतो. ऑफिसात बोलणारे सहकारी असतील तर पहिल्याच आठवड्यात सकाळचा खेळ गाठा, पण उजेडाची खात्री असलेल्या हॉलमध्येच.

मराठी पिक्चर तुम्ही घरी बघण्यासारखा म्हणून बाजूला ठेवाल, असा माझा अंदाज आहे. पडद्याच्या हिशेबाने ते बरोबरही आहे. असे पिक्चर बरेचदा उंचीच्या १.८५ पट रुंद, म्हणजे स्कोपपेक्षा कमी रुंद चौकटीत असतात. पस्तीस फुटांच्या पडद्यावर ते सत्तावीस फुटांतच मावतात, दोन्ही कडांना काळी जागा राहते. टीव्हीवर तेच जवळजवळ पूर्ण भरतात. तरीही मी तो पहिल्या रविवारी, चौघांनी मिळून, थेटरात बघा म्हणेन, कारण दुसरा रविवार त्याला मिळेलच असं नाही आणि घरी तो कधी येईल ते सांगता येत नाही. चित्र सत्तावीस फुटांचं झाल्यामुळे सव्वा-दीडपटही बदलते, ३४ ते ४० फूट. म्हणजे नेहमीपेक्षा दोन-तीन रांगा पुढे, सातवी किंवा आठवी. बाबांना याचा फायदाच होईल, संवाद समोरच्या मधल्या स्पीकरमधून थेट येतील.

तिकीट काढण्याआधी एकच चौकशी करा: त्या हॉलचं दार पडद्याकडच्या बाजूला आहे की वरच्या रांगांच्या मागे. बरेच हॉल खालून भरतात, तिथे आठव्या रांगेपर्यंत आठ-दहा पायऱ्या होतात, कठडा असतोच असं नाही. दार वर असेल तर चार पायऱ्या उतरायच्या, पण अंधारात उतरणं चढण्यापेक्षा अवघड जातं. दिवे चालू असताना, जाहिरातींच्या आधी दहा मिनिटं बाबांना नेऊन बसवा, वाटेकडची खुर्ची द्या, आणि खेळ संपल्यावर नावांच्या पाट्या पूर्ण संपून दिवे लागेपर्यंत उठू नका.